घाट उतरताना उणे आठ

विजेवर चालणारी गाडी खंडाळ्याहून बोरघाट उतरून खोपोलीला पोचते, तेव्हा बॅटरीत निघताना होती त्यापेक्षा थोडी जास्त वीज असू शकते. उतारावर चाकंच मोटर फिरवतात, मोटर जनित्र होते आणि वीज उलटी बॅटरीत जाते. गाडीवाले याला ‘रिजन’ म्हणतात. मी ज्या कॉलेजात अल्गोरिदम शिकवते, तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना मी दरवर्षी याच घाटावरची असाइनमेंट देते. कारण साधं आहे. खर्च शून्याखाली गेला की सर्वात स्वस्त रस्ता शोधायची नेहमीची पद्धत कुठे मोडते, ते पुस्तकातल्या ए, बी, सी नावाच्या गोळ्यांपेक्षा घाटात लवकर कळतं.

असाइनमेंटमध्ये चारच ठिकाणं असतात: पुणे, खंडाळा, खोपोली आणि पाली. प्रत्येक रस्त्यावर एक आकडा, म्हणजे त्या रस्त्याने जायला लागणारी वीज. एक अंक म्हणजे एका युनिटचा दहावा भाग. आकडे मी सोयीने ठरवलेले आहेत, पण अगदी हवेतले नाहीत. दीड टनाची गाडी खंडाळ्याहून खोपोलीला साधारण 490 मीटर खाली येते. तेवढ्या उंचीत सुमारे दोन युनिटांची ऊर्जा साठलेली असते. त्यातली काही टायर, वारा आणि मोटर खातात, उरलेली बॅटरीत जाते. म्हणून खंडाळा ते खोपोली उणे 8. उलट खोपोलीहून खंडाळ्याला चढायला 32. जुन्या रस्त्याने पुणे ते खंडाळा 100, एक्स्प्रेसवेने खंडाळ्यात न थांबता पुण्याहून थेट खोपोली 96, आणि खोपोली ते पाली 48.

प्रश्न एवढाच: पुण्याहून पालीला कमीत कमी विजेत कसं जावं? डोळ्यांनी पाहिलं तर उत्तर लगेच दिसतं. खंडाळ्यामार्गे खोपोलीला 100 उणे 8, म्हणजे 92. थेट रस्त्याने 96. तेव्हा खंडाळ्यावरून जावं आणि पुढे 48 मिळवून पाली 140 मध्ये गाठावी. पण चारांच्या जागी चार लाख ठिकाणं असली तर डोळे उपयोगाचे नाहीत. पद्धत लागते, आणि मुलांच्या हाताशी पहिली येते ती डायक्स्ट्राची.

एड्सगर डायक्स्ट्रा या डच गणितज्ञाला ती 1956 साली सुचली. अ‍ॅमस्टरडॅममध्ये होणाऱ्या बायकोबरोबर खरेदी करून दमल्यावर ते एका कॅफेच्या गच्चीवर कॉफी पीत बसले होते, तिथे कागद-पेन्सिल न घेता वीसेक मिनिटांत. 1959 मध्ये ती छापून आली. कल्पना अशी की निघण्याच्या ठिकाणापासून जे सर्वात स्वस्तात गाठता येतं, ते आधी पक्कं करायचं. मग त्याच्या पुढचं, मग त्याच्या पुढचं. एकदा पक्कं केलेल्या ठिकाणाकडे पुन्हा वळून पाहायचं नाही. हे चालतं, कारण आधीच महाग पडलेल्या ठिकाणावरून वळसा घालून कोणी स्वस्तात येऊ शकत नाही. पुढचा प्रत्येक रस्ता खर्चात भरच घालणार, हे त्यात गृहीत धरलेलं आहे.

घाट नेमकं हेच गृहीतक मोडतो. पुण्याहून निघालं की खोपोली 96 ला आणि खंडाळा 100 ला दिसतं. 96 लहान, म्हणून पद्धत खोपोली पक्कं करून टाकते आणि त्यावरून पाली 144 मांडते. मग खंडाळ्याची पाळी येते. तिथून उणे 8 चा रस्ता खोपोलीला जातो, 92 होतात, पण खोपोलीचा हिशेब बंद झालेला आहे. पालीचं उत्तर 144 च राहतं. चार अंक जास्त. प्रोग्राम ना अडखळतो, ना तक्रार करतो. चुकीचं उत्तर तो बरोबर उत्तराच्याच थाटात छापतो.

इथे दरवर्षी एक तरी हात वर होतो. “मॅडम, मी डायक्स्ट्राच लिहिलंय आणि माझं 140 आलंय.” येऊ शकतं. बऱ्याच मुलांच्या कोडमध्ये ‘पक्कं झालं’ अशी नोंदच ठेवलेली नसते. कुठल्याही ठिकाणाचा आकडा कमी झाला की ते पुन्हा रांगेत टाकलं जातं. त्यामुळे खोपोलीला दुसरी संधी मिळते आणि उत्तर सुधारतं. पण मग ती डायक्स्ट्राची पद्धत उरत नाही आणि तिच्या वेगाची हमीही उरत नाही. मुद्दाम वाईट रचलेल्या नकाशावर अशा कोडला तीच ठिकाणं इतक्या वेळा तपासावी लागतात, की चार-पाच ठिकाणं वाढली तरी काम कित्येक पटींनी वाढतं. चारच ठिकाणांच्या असाइनमेंटमध्ये हे दिसत नाही, एवढंच.

दुसरी युक्ती हुशार मुलांची असते. उणे 8 चाच त्रास आहे ना? मग सगळ्या रस्त्यांवर 8 वाढवा. उणे काही उरणार नाही, डायक्स्ट्रा लावा, शेवटी वाढवलेलं काढून टाका. ऐकायला बिनतोड वाटतं. करून पाहू. थेट खोपोलीचा रस्ता 104 झाला. खंडाळ्यामार्गे 108 अधिक शून्य, म्हणजे 108. जो रस्ता चाराने स्वस्त होता तो चाराने महाग झाला. कारण 8 प्रत्येक रस्त्यावर वाढतात आणि खंडाळ्यामार्गे दोन रस्ते लागतात, थेट गेलं तर एक. जास्त टप्प्यांच्या मार्गाला जास्त दंड बसला. टोलचा दर सगळीकडे सारखाच लावला, पण एका वाटेवर नाके दोन आणि दुसरीवर एक, तसं हे झालं.

मग उरते ती घाई न करणारी पद्धत. तिला बेलमन-फोर्ड म्हणतात. लेस्टर फोर्ड यांनी 1956 साली आणि रिचर्ड बेलमन यांनी 1958 साली ती मांडली. त्याच सुमारास एडवर्ड मूर यांनीही स्वतंत्रपणे तेच केलं होतं, पण नावात त्यांना जागा क्वचितच मिळते. या पद्धतीत कुठलंच ठिकाण मध्येच पक्कं होत नाही. सगळ्या रस्त्यांची एक यादी करायची आणि ती पुन्हा पुन्हा वरून खाली वाचायची. प्रत्येक रस्त्यापाशी एकच प्रश्न: या रस्त्याने गेलं तर पुढच्या ठिकाणाचा आकडा कमी होतो का? होत असेल तर बदला, आणि आपण कुठून आलो ते शेजारी लिहून ठेवा.

यादी मी मुद्दाम उलटीपालटी देते: खोपोली ते पाली, खंडाळा ते खोपोली, खोपोली ते खंडाळा, पुणे ते खोपोली, पुणे ते खंडाळा. सुरुवातीला पुणे शून्य, बाकी सगळे अनंत. पहिल्या फेरीत वरच्या तीन रस्त्यांना काहीच करता येत नाही, कारण त्यांचं मूळ ठिकाणच अजून गाठलेलं नाही. शेवटच्या दोन रस्त्यांनी खोपोली 96 आणि खंडाळा 100 होतं. दुसऱ्या फेरीत आधी पाली 144 होते, मग खंडाळ्यावरून खोपोली 92 ला उतरतं. पण पालीचा रस्ता यादीत वर होता, तो वाचून झालाय, त्याला ही बातमी कळलेली नाही. ती तिसऱ्या फेरीत कळते आणि पाली 140 होते. चौथी फेरी मारली तर काहीच हलत नाही.

तीनच फेऱ्या का, हे माझ्या मते या असाइनमेंटचं मर्म आहे. चार ठिकाणं आहेत. तेच ठिकाण दोनदा न घेता जाणाऱ्या मार्गात जास्तीत जास्त तीन रस्ते असतात. पहिल्या फेरीनंतर एका रस्त्याचे सगळे उत्तम मार्ग हाती आलेले असतात, दुसरीनंतर दोन रस्त्यांपर्यंतचे, तिसरीनंतर तीन रस्त्यांपर्यंतचे. यादीचा क्रम चांगला असेल तर काम आधीच संपेल, वाईट असेल तर तीन फेऱ्या पुरतील. आणि तेच ठिकाण दोनदा घेणारा मार्ग? त्यात मधे एक चक्कर असते. खोपोलीहून खंडाळ्याला चढून परत उतरायचं तर 32 उणे 8, म्हणजे 24 अंक फुकट जातात. ती चक्कर कापून टाकली तर मार्ग स्वस्तच होतो. म्हणून n ठिकाणांना n - 1 फेऱ्या पुरतात. अट एकच, की कापलेली कोणतीही चक्कर उणे नसावी.

उणे असली तर? असाइनमेंटचा दुसरा भाग इथून सुरू होतो. त्यात मी तीच यादी पुन्हा देते, फक्त एका ठिकाणी टंकलेखनाची चूक केलेली असते. खोपोली ते खंडाळा 32 च्या जागी 3. म्हणजे आता वर चढायला 3 लागतात आणि खाली उतरताना 8 मिळतात. एका चकरेला 5 अंकांचा फायदा. घाटात गाडी नुसती वर-खाली करत राहा, वीज वाढतच जाईल! निसर्गात असं होत नाही. त्याच जागी परत आलं की उंची तीच असते, मग ऊर्जा वाढेल कुठून? म्हणून या नकाशात उणे चक्र सापडलं तर त्याचा अर्थ एकच, आकड्यांत चूक आहे. पण ‘सर्वात स्वस्त मार्ग कोणता’ हा प्रश्न मात्र निरर्थक झाला. कोणताही मार्ग सांगितलात तरी मधे आणखी एक चक्कर घालून पाचाने स्वस्त करता येतो.

फेऱ्या मारून पाहा. पहिलीनंतर पूर्वीसारखंच खोपोली 96, खंडाळा 100. दुसऱ्या फेरीत पाली 144, खोपोली 92, आणि मग खोपोलीवरून खंडाळा 95. तिसरीत पाली 140, खोपोली 87, खंडाळा 90. नियमाने आता सगळं स्थिर व्हायला हवं. पण चौथी, फक्त तपासणीची फेरी मारली, तर यादीतल्या पहिल्याच रस्त्यावर खोपोलीचे 87 अधिक 48 म्हणजे 135 होतात आणि ते पालीच्या 140 पेक्षा कमी आहेत. अजून सुधारणा होतेय, याचा अर्थ निघण्याच्या ठिकाणाहून गाठता येणारं उणे चक्र नकाशात कुठेतरी नक्की आहे.

‘कुठेतरी’ हा शब्द मुलं वाचत नाहीत. असाइनमेंटमध्ये ‘चक्र शोधून छापा’ असं म्हटलेलं असतं, आणि निम्मी मुलं तपासणीत सापडलेलं ठिकाण चक्रातलंच समजून तिथून मागे चालत सुटतात. इथे सापडली पाली. पालीतून तर बाहेर जाणारा एकही रस्ता या नकाशात नाही, ती चक्रात असेल कशी? ती चक्राच्या खालच्या अंगाला आहे. वरचा गोंधळ तिच्यापर्यंत वाहत आला, इतकंच. ‘पालीपर्यंत पुन्हा येईपर्यंत मागे चाला’ असं लिहिलेला कोड कायमचा फिरत राहतो, आणि मूल म्हणतं, लॅबचा संगणक अडकला.

उपाय दोन ओळींचा आहे. आधी मोजून n पावलं मागे या. वाटेत चक्राबाहेरची ठिकाणं असतील तर ती n पावलांत संपलेली असतात, कारण एकूण ठिकाणंच n आहेत.

```
for u, v, w in edges:
    if dist[u] < INF and dist[u] + w < dist[v]:
        parent[v] = u
        x = v
        break
for _ in range(n):
    x = parent[x]
```

पालीहून मागे खोपोली, मग खंडाळा, मग खोपोली, मग खंडाळा. चार पावलं झाली, आपण खंडाळ्यात आहोत आणि खंडाळा खात्रीने चक्रात आहे. आता तिथून पुन्हा खंडाळा येईपर्यंत मागे चालायचं: खंडाळा, खोपोली, खंडाळा. आपण उलटे चाललो म्हणून छापताना क्रम पालटायचा. या दोनच ठिकाणांच्या चक्रात पालटला नाही तरी फरक दिसत नाही. तीन ठिकाणांचं चक्र आलं की लगेच दिसतो, आणि मी परीक्षेला तीनचं देते.

कोडमधली `dist[u] < INF` ही अट बिनकामाची वाटून बरेच जण गाळतात. डायक्स्ट्रात तिच्यावाचून निभावतं, इथे नाही. समजा अनंत म्हणून 1000000000 हा आकडा घेतला आणि पुण्याऐवजी पालीहून निघालो. पालीहून कुठेच जाता येत नाही, तेव्हा बाकी सगळी ठिकाणं अनंतच राहायला हवीत. पण अट नसेल तर खंडाळ्याच्या ‘अनंता’तून 8 वजा होतात आणि खोपोलीसमोर 999999992 येतात. ते अनंतापेक्षा कमी, म्हणून ठिकाण गाठलं असं समजलं जातं. उत्तरात असा नऊंनी भरलेला जवळजवळ-अनंत आकडा दिसला की मी कोड न वाचताच सांगते, कुठली अट राहिलीय.

याच पालीच्या उदाहरणात आणखी एक खोच आहे. 3 ची चूक नकाशात तशीच ठेवली आणि पालीहून निघालो, तर तपासणीत काहीच सापडणार नाही. ते बरोबरच आहे. पालीहून त्या चक्रापर्यंत पोचताच येत नाही, मग पालीच्या हिशेबाला त्याची बाधा कशी होईल? पण प्रश्न ‘संपूर्ण नकाशात उणे चक्र आहे का’ असा असेल तर उत्तर ‘आहे’ असं यायला हवं. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. दुसऱ्यासाठी सुरुवातीलाच सगळ्या ठिकाणांसमोर शून्य लिहायचं, जणू आपण एकाच वेळी सगळीकडून निघालो. मग चक्र कुठल्याही कोपऱ्यात असलं तरी सापडतं. प्रश्नपत्रिकेत यांतलं काय विचारलंय ते न पाहता पाठ केलेला कोड उतरवणं, ही माझ्या अनुभवात सर्वात जास्त गुण घालवणारी चूक आहे.

आकडे मी दहापट करून पूर्णांकात का देते, असंही मुलं विचारतात. पायथॉनमध्ये `0.3 - 0.1 - 0.2` लिहून पाहा. उत्तर शून्य येत नाही, शून्याच्या किंचित खाली येतं. बरोबर शून्याचं चक्र असं केसभर उणे दिसलं, तर तपासणी नसलेल्या चोराला पकडू शकते. पूर्णांकात ही भानगड नाही.

आता या सगळ्याची किंमत. लाखभर चौक आणि अडीच लाख रस्ते असलेल्या शहरात पूर्ण फेऱ्या मारल्या तर अडीच हजार कोटी वेळा तोच प्रश्न विचारावा लागेल. एखाद्या फेरीत काहीच बदललं नाही तर तिथेच थांबावं, आणि बहुतेक वेळा ते लवकर घडतं, पण त्याची हमी नाही. शिवाय खऱ्या गाडीत एक अडचण असाइनमेंटच्या बाहेर राहते. खंडाळ्यात बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर उतारावरची वीज ठेवायला जागाच नसते. उणे 8 चा शून्य होतो. रस्त्याचा आकडा गाडीच्या अवस्थेवर अवलंबून राहायला लागला की वरची साधी बेरीज पुरत नाही.

उणे रस्ते असूनही डायक्स्ट्राच वापरायची एक खरी वाट आहे. डोनाल्ड जॉन्सन यांनी ती 1977 साली छापली. सगळ्या रस्त्यांवर सारखं वाढवणं चुकलं होतं, म्हणून रस्त्यागणिक नाही तर ठिकाणागणिक एकेक आकडा ठरवायचा. प्रत्येक रस्त्याच्या खर्चात सुरुवातीच्या ठिकाणाचा आकडा मिळवायचा आणि शेवटच्या ठिकाणाचा वजा करायचा. मार्ग कितीही टप्प्यांचा असो, मधली ठिकाणं एकदा वजा आणि एकदा अधिक होऊन कटतात, दोन टोकं तेवढी उरतात. त्यामुळे पुणे ते खोपोलीच्या सगळ्या मार्गांत सारखीच भर पडते आणि कोण स्वस्त हे बदलत नाही.

घाटात हा आकडा शोधावाही लागत नाही. तो म्हणजे उंची. पुणे आणि खंडाळा साधारण एका पातळीवर, खोपोली आणि पाली खाली, फरक दोन युनिटांचा, म्हणजे 20 अंक. वरच्या दोघांना 20 द्या, खालच्यांना शून्य. उतरण्याचा रस्ता उणे 8 अधिक 20, झाले 12. चढण्याचा 32 वजा 20, तेही 12. थेट खोपोली 116, पुणे-खंडाळा 100 च, खोपोली-पाली 48 च. उणे काहीच उरलं नाही. डायक्स्ट्रा आता खंडाळा 100, खोपोली 112, पाली 160 असं न चुकता काढतो. पालीच्या 160 मधून पुण्याचे 20 परत घेतले की 140. जिथे अशी उंची कोणी मोजून ठेवलेली नसते, तिथे जॉन्सनची पद्धत एकदाच बेलमन-फोर्ड चालवून ती स्वतः तयार करते.

मागच्या वर्षी एका मुलीने चुकलेल्या 3 च्या यादीवरही हेच करून पाहिलं आणि वहीत लिहिलं, “3 वजा 20, उणे 17. मॅडम, उंची बदलून पाहू का?” पाहिली असती तर संध्याकाळ गेली असती. खंडाळ्याला 20 द्या, 50 द्या, हजार द्या. उतारावर जेवढे वाढतील तेवढेच चढावर कमी होतील, आणि दोन्हींची बेरीज उणे 5 च राहील.